पाचशे फुटाला पाणी लागलं

चकलांब्यात विनोद सांगायला उभं राहण्याआधी एक गोष्ट माहीत असावी लागते. समोर बसलेल्या प्रत्येकाला तुमच्यापेक्षा चांगला विनोद सांगता येतो, फक्त माईक तुमच्या हातात असतो. मला हे माहीत नव्हतं. मी पुण्यात नोकरी करतो, तिथल्या मित्रांत मला विनोदी समजतात, आणि तेवढ्या भांडवलावर 26 जानेवारीच्या संध्याकाळी शाळेच्या पटांगणात, माझ्याच गावच्या लोकांसमोर, मी दहा मिनिटांचं एकपात्री करायला उभा राहिलो.

विषय निवडताना मात्र मी डोकं चालवलं होतं. बोअर. गेवराई तालुक्यात बोअर न घेतलेला माणूस शोधायचा तर पाळण्यात शोधावा लागेल. पाणाड्या येतो, तळहातावर नारळ आडवा धरून शेतभर फिरतो, एका ठिकाणी नारळ उभा राहतो. तिथे लिंबू कापतात, गाडी लागते, आणि मालक बांधावर बसून फुटांचा हिशेब करू लागतो. पाणी लागेपर्यंत भोकातून नुसता फुफाटा उडतो आणि मालकासकट सगळे पांढरे होतात. हे सगळं मी छान रंगवलं. लोक माना डोलवत होते. मग मी माझ्या हुकमी जागेवर आलो:

“दोनशे फूट गेलो, फुफाटा. तीनशे फूट गेलो, फुफाटा. चारशेला दगड. आणि पाचशे फुटाला गेल्यावर मालकाच्या डोळ्याला पाणी लागलं बघा!”

आणि मी हसण्यासाठी थांबलो.

पटांगणात शांतता. पहिल्या रांगेत बसलेली एक आजी शेजारणीला म्हणाली, “अगं बाई, बिचारा.” ते माईकमध्ये आलं. मागून दोघं-तिघं हळहळले. कुणीतरी विचारलं, “कुणाच्या वावरातली गोष्ट हाये ही?” विनोदाचं दुखवट्यात रूपांतर होताना मी पहिल्यांदाच जवळून पाहत होतो.

रात्री ओट्यावर आमचे थोरले चुलते बसले होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. तरुणपणी आप्पा भारुडात सोंगं घ्यायचे. आता गुडघ्यांमुळे फक्त बोलतात. बराच वेळ त्यांनी माझी जेवणाखाण्याची चौकशी केली. माणसाचं दिवाळं निघालं की आमच्याकडे आधी त्याला जेवलास का विचारतात.

मग म्हणाले, “इनोद चांगला व्हता. पर तू त्याला मधीच पुरलास.”

“म्हणजे?”

“डोळा कुठं आला तुह्या बोलण्यात?”

मी मनातल्या मनात वाक्य म्हणून पाहिलं. मालकाच्या डोळ्याला पाणी लागलं बघा. डोळा मधोमध होता. त्याच्यापुढे ‘पाणी’, ‘लागलं’ आणि ‘बघा’ असे तीन शब्द रांगेत उभे होते. लोकांना डोळा कळला तेव्हा मी अजून बोलत होतो, आणि मी बोलायचा थांबलो तेव्हा डोळा जुना झाला होता.

“आता आईक,” आप्पा म्हणाले, आणि सरळ बसले. “चारशेला दगड. पाचशे फुटाला पाणी लागलं.” इथे ते गप्प झाले. चेहऱ्यावर काही नाही. मी त्यांच्याकडे बघतोय आणि मला खरोखर बरं वाटतंय, की चला, लागलं एकदाचं. तेवढ्यात ते म्हणाले, “मालकाच्या डोळ्याला.”

मी माझ्याच विनोदाला हसलो. पहिल्यांदा.

त्या रात्री मला झोप आली नाही आणि मी मराठी वाक्याचा विचार करत पडलो. शाळेत शिकवतात, कर्ता, कर्म, क्रियापद. म्हणजे आपल्या वाक्यात शेवटची खुर्ची क्रियापदाची. बिनविरोध, पिढ्यान्‌पिढ्या. कितीही भारी शब्द आणा, त्याच्यामागे ‘आहे’, ‘होतं’, ‘लागलं’ येऊन बसणारच. इंग्रजाचं बरं असतं. त्याचं क्रियापद आधीच कामाला लागलेलं असतं, शेवटी नाम ठेवायला त्याला जागा मोकळी सापडते. मराठी विनोदवीराला ती खुर्ची आधी रिकामी करून घ्यावी लागते. पण बोलीभाषेनं त्याची सोय करून ठेवलेली आहे. बोलताना आपण क्रियापद उरकून टाकतो आणि राहिलेला शब्द मागून आणतो. ‘आला का रे पोस्टमन’, ‘दिले का पैसे त्यानं’, असं आपण दिवसभर बोलतो. व्याकरणाच्या पुस्तकात ही वाक्यं दिसत नाहीत, पण विनोद पुस्तकात नाही, याच फटीत राहतो.

एक लहान वाक्य घ्या. ‘आमच्या गावात बिलात लाईट चोवीस तास असते.’ ही तक्रार झाली. महावितरणच्या कचेरीत द्यायची. आता तेच असं म्हणा: ‘आमच्या गावात लाईट चोवीस तास असते. बिलात.’ शब्द तेच, एकही वाढला नाही. पण आता ‘असते’पाशी वाक्य पूर्ण झालंय. ऐकणाऱ्यानं ते मान्य केलंय, किंवा थोबाडीत मारण्याइतका त्याला राग आलाय. काहीही असो, त्यानं त्या वाक्याची फाईल बंद केलीय. मग ‘बिलात’ येतं आणि बंद फाईल उघडून आतला सगळा कागद उलटा करतं. ही उलथापालथ एका शब्दाच्या आत झाली पाहिजे, म्हणून तो शब्द शेवटचा. त्याच्या मागून काहीही आलं तरी ते लोकांच्या हसण्याच्या आड येतं.

आणि आमच्याकडे काही ना काही मागून येतंच. मराठवाड्याच्या माणसाला वाक्य तसंच सोडून देणं म्हणजे पाहुण्याला चहा न देता पाठवल्यासारखं वाटतं. बघा, राव, की, ना, काय सांगू तुम्हाला, अशी एखादी शेपटी लावल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. ‘मालकाच्या डोळ्याला बघा’ म्हणून पाहा. ‘डोळ्याला’नं उघडलेलं दार ‘बघा’नं लावून टाकलं. आप्पांचं म्हणणं असं की शेपटी लावायचीच असेल तर आधी लाव. ‘पाणी लागलं की राव.’ उलट तिथे ती कामाला येते, कारण ‘की राव’ म्हटलं की गोष्ट संपली असं सगळ्यांना खात्रीनं वाटतं. एकाच शेपटीनं एके ठिकाणी विनोद मरतो आणि दोन शब्द अलीकडे लावली तर तो जगतो.

या शेपट्यांत सगळ्यांत घातक म्हणजे ‘असं तो म्हणाला’. छापील गोष्टीत ते चालतं, डोळा त्यावरून घसरून पुढे जातो. तोंडी मात्र ते पायात येतं. कुणाचा तरी फटकेबाज जवाब सांगायचा आणि वर ‘असं तो म्हणाला’ जोडायचं, म्हणजे फटाका वाजल्यावर त्याची वात दाखवत बसायचं. ‘तो म्हणाला’ आधी सांगून मोकळं व्हावं. त्याहून बरा उपाय मराठवाड्यातल्याच एका माणसानं दाखवून दिलेला आहे. प्रा. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्यानं 52 पात्रं करायचे. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. 2009 मध्ये ते गेले, आणि पुढे ते वऱ्हाड आमच्याच बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या संदीप पाठक यांनी रंगमंचावर चालू ठेवलं. लोक 52 या आकड्याचं कौतुक करतात, आणि ते योग्यच आहे. पण बोअरच्या दुखवट्यानंतर मी तो प्रयोग पुन्हा पाहिला तेव्हा मला वेगळंच दिसलं. एकपात्री नटाला ‘तो म्हणाला’ म्हणावंच लागत नाही. मान डावीकडे वळली की बाप बोलतो, उजवीकडे वळली की पोरगा, खांदा पडला की म्हातारा. कोण बोललं हे मानेनं सांगून टाकल्यामुळे बोलण्याचा शेवट मोकळा राहतो, आणि तिथे नटाला हवा तो शब्द ठेवता येतो. शिवाय मान वळायला जो क्षण लागतो तोच विनोदाच्या आधीचा थांबा होतो. नट थांबलाय असं प्रेक्षकाला वाटत नाही. त्याला वाटतं, दुसरा माणूस विचार करतोय.

हे ज्ञान घेऊन मी मे महिन्यात एका हळदीला पुन्हा उभा राहिलो. वाक्य आता बरोबर होतं. थांबायचं कुठे तेही ठाऊक होतं. किती थांबायचं, हे विचारायचं राहिलं होतं.

“चारशेला दगड. पाचशे फुटाला पाणी लागलं.”

मी थांबलो. मांडवात दोन-तीनशे माणसं. सगळे माझ्याकडे बघतायत. मला वाटलं, अजून थोडं ताणावं. सत्ता हातात आल्यावर माणूस असाच बिघडतो. मी पुण्याहून आणलेलं एक सूचक स्मित केलं आणि भुवई वर केली. तोच मागच्या रांगेतून, मंडपाच्या बांबूला टेकून बसलेल्या एकानं मोठ्यानं ओरडून वाक्य पूर्ण केलं:

“शेजाऱ्याच्या!”

मांडव कोसळला. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. नवरदेवाला हसताना तोंडात हळद गेली. मी त्या गदारोळात “मालकाच्या डोळ्याला” असं म्हणालो, पण ते फक्त माईकनं ऐकलं. आणि खरं सांगायचं तर ‘शेजाऱ्याच्या’ हा शब्द माझ्यापेक्षा सरस होता. एकाच्या बोअरचं पाणी शेजारच्या नव्या बोअरला पळतं हे तिथल्या प्रत्येकानं भोगलेलं होतं. माझा शब्द बांधावरच्या एकाच माणसाबद्दल होता, त्याचा शब्द बांधाच्या दोन्ही बाजूंबद्दल होता.

मार्क ट्वेनला हे माहीत होतं. गोष्ट कशी सांगावी यावर त्यानं 1895 मध्ये एक लेख लिहिला, त्यात थांब्याबद्दल त्याचं म्हणणं असं की त्याची लांबी नेमकी हवी. जास्त झाली की श्रोत्यांना पुढे काहीतरी आश्चर्य येणार याचा अंदाज येतो, आणि अंदाज आलेल्या माणसाला चकित करता येत नाही. पण मार्क ट्वेन कधी चकलांब्याला आला नव्हता. त्याच्या श्रोत्यांना फार तर अंदाज येत असे. आमचे श्रोते उत्तर देतात.

का देतात, तेही आप्पांनीच सांगितलं. आमची माणसं सप्त्यात वाढलेली. सात दिवस हरिनाम, रोज रात्री कीर्तन. कीर्तनकार अभंगाचं चरण उचलतो, अर्ध्यावर आणतो आणि थांबतो, आणि सगळा मांडव उरलेला शब्द म्हणतो. तो शब्द प्रत्येकाला पाठ असतो, म्हणूनच तर बुवा थांबतात. हजार माणसांनी एकदम एक शब्द म्हणावा यात त्यांचा आनंद असतो, आणि मांडवाचाही. म्हणजे माझ्या समोरच्या तीनशे माणसांना लहानपणापासून एकच शिकवण मिळालेली होती. समोरचा थांबला की राहिलेलं आपण पुरं करायचं. कीर्तनातला थांबा माहीत असलेल्या शब्दासाठी असतो आणि विनोदातला थांबा माहीत नसलेल्या शब्दासाठी. दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. मी विनोदाचा थांबा कीर्तनाच्या लांबीचा घेतला आणि मांडवानं आपलं काम केलं.

“मग ओळखू कसं येतं त्यांना, की पुरं करायचं का न्हाई?” मी विचारलं.

“तुह्या आवाजावरून,” आप्पा म्हणाले. “तू ‘लागलं’ वर टांगून ठेवलंस. खाली ठेव.”

हे मी नंतर घरी मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकलं. खरंच, माझं ‘लागलं’ शेवटाला चढत होतं, बुवा चरण अर्ध्यावर सोडताना चढवतात तसं. चढलेला स्वर सांगतो, अजून आहे. उतरलेला स्वर सांगतो, झालं. विनोदाच्या थांब्याआधीचा शब्द उतरला पाहिजे, अगदी बातमीच्या शेवटासारखा, म्हणजे पुढे काही येणार आहे अशी कुणाला शंका येत नाही. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये दुसरा एक गुन्हाही सापडला. थांबलो असताना मी श्वास घेतला होता, आणि माईकनं तो ‘हुऽऽ’ असा सगळ्या मांडवाला ऐकवला होता. श्वास ऐकला की शेवटच्या रांगेतल्या पोरालाही कळतं, हा आता बोलणार. श्वास ‘पाचशे फुटाला’च्या आधी घ्यायचा, म्हणजे तो ‘डोळ्याला’पर्यंत पुरतो आणि थांब्याला खरी शांतता मिळते. स्मित आणि भुवई यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. ती माझी पुण्याची कमाई मी पुण्यालाच परत पाठवली.

यानंतर माझी आप्पांवरची श्रद्धा एका सकाळी डळमळली. चहाच्या हॉटेलात सात-आठ जण बसले होते, त्यात आप्पा. त्यांनी माझाच विनोद सांगितला, आणि कसा सांगितला? घडाघडा. “पाचशे फुटाला पाणी लागलं मालकाच्या डोळ्याला, दे रे एक कट.” मध्ये एक क्षणही न थांबता, वर चहाची ऑर्डर जोडून. आणि सगळं हॉटेल हसलं. कपबशी विसळणारं पोरगंसुद्धा हसलं.

बाहेर आल्यावर मी भांडलो. तुम्हीच सांगता थांब म्हणून, आणि तुम्हीच थांबत नाही.

“आरं, तिथं आठ माणसं,” आप्पा म्हणाले. “आठीच्या आठी जणांचे बोअर मला ठावं हायेत. थांबायचं कशापायी?”

पुढे वाचनात आलं की अमेरिकेत साल्वातोरे अत्तार्दो आणि लुसी पिकरिंग या भाषाअभ्यासकांनी माणसांना विनोद सांगायला लावून त्यांचे आवाज मोजले होते. 2011 मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला, आणि तो सगळ्या विनोदशिक्षकांची झोप उडवणारा होता. शेवटच्या वाक्याआधी थांबणं, आवाज वाढवणं, स्वर चढवणं, यातलं काहीही लक्षात येण्याइतकं आढळलं नाही. साधी माणसं साधा विनोद सांगताना थांबत नाहीत. म्हणजे थांबा हा विनोदाचा भाग नाहीच म्हणायचा का? मला वाटतं, तो मांडवाचा भाग आहे. हॉटेलात आठ जण एका टेबलावर, एका विषयात, एका वेगानं ऐकत असतात. मांडवात कुणी पोराला पाणी पाजत असतो, कुणी मागच्याला विचारत असतो काय म्हणाला ते. तीनशे माणसांनी एका शब्दाला एकदम हसायचं तर आधी ती तीनशे माणसं एका ठिकाणी गोळा व्हावी लागतात, आणि ती गोळा होतात शांततेत. शब्द शेवटी ठेवणं हॉटेलातही लागतं, आप्पांनीही डोळा शेवटीच ठेवला होता. थांबा फक्त गर्दीला लागतो.

आणि गर्दीच्या जोडीला भोंग्यांना. हे मला तिसऱ्या वेळी कळलं. यात्रेच्या रात्री कार्यक्रम होता, स्टेजजवळ एक भोंगा आणि मागच्या लोकांसाठी शंभर मीटरवर लिंबाला बांधलेला दुसरा. वायरमधून आवाज दोन्हीकडे एकदमच पोचतो. पण हवेतून तो सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणून लिंबाखाली बसलेल्या माणसाला माझा शब्द आधी डोक्यावरच्या भोंग्यातून ऐकू येतो आणि मग सुमारे एक तृतीयांश सेकंदानं स्टेजकडून पुन्हा येतो. मी ‘लागलं’ म्हणालो की त्याला ‘लागलं... लागलं’ असं ऐकू येतं. म्हणजे मी नेमका तेवढाच थांबलो तर पुढच्या रांगेला शांतता मिळते आणि लिंबाखाली दुसरं ‘लागलं’ थेट ‘मालकाच्या’वर आदळतं. मागचे लोक उशिरा हसतात किंवा हसतच नाहीत, आणि आपण घरी येऊन म्हणतो, पब्लिक गारठलेलं होतं. पब्लिक ठीक होतं, थांबा लिंबापर्यंत पोचला नव्हता. मी कार्यक्रमाआधी एका पोराला लिंबाखाली उभं केलं, स्टेजवरून माईकसमोर टाळी वाजवली आणि त्याला स्टेजकडून येणारी दुसरी टाळी कधी येते ते हातानं दाखवायला सांगितलं. ती विरल्यावर मनात ‘एक’ म्हणायला जितका वेळ लागतो तितका वेळ आणखी, असा माझा थांबा ठरला. सगळा मिळून सेकंदाच्या आतबाहेर. घड्याळात तो काहीच नाही. स्टेजवर मात्र त्यात उमेदवारी अर्ज भरून मागे घेता येतो.

एक बारकावा राहिला. ‘मालकाच्या डोळ्याला’ हे दोन शब्द आहेत. थांबायचं कुठे, ‘लागलं’नंतर की ‘मालकाच्या’नंतर? मी ओट्यावर दोन्ही करून पाहिलं. ‘पाणी लागलं मालकाच्या... डोळ्याला’ असं म्हटलं तर ‘मालकाच्या’ लोंबकळतो. त्याला काहीतरी हवंय हे सगळ्यांना कळतं, आणि लिंबाखालून पुन्हा कुणीतरी ‘मेव्हण्याला!’ म्हणून ओरडणार. म्हणून थांबा ‘लागलं’नंतर, जिथे वाक्य स्वतःच्या पायावर उभं आहे. मग ‘मालकाच्या’ पटकन, पायरी उतरल्यासारखं, आणि ‘डोळ्याला’ सुटा, स्वच्छ. पटकन म्हटलेला ‘मालकाच्या’ ऐकणाऱ्याला जेमतेम एवढीच शंका येऊ देतो, की अरे, मालकाच्या म्हणजे? तो ते विचारीपर्यंत डोळा आलेला असतो. यात भाषेनंही मला फुकट मदत केली. ‘पाचशे फुटाला’ आणि ‘डोळ्याला’, दोन्हीकडे तोच ‘ला’. पाणी कितीला लागलं याचंच उत्तर मिळतंय असं कानाला वाटत राहतं आणि प्रत्यय जुळेपर्यंत अर्थ हातातून निसटतो. ‘डोळ्यात’ म्हटलं असतं तर मराठी जास्त शुद्ध झाली असती आणि विनोद पडला असता.

त्या रात्री मी ‘पाचशे फुटाला पाणी लागलं’ म्हणालो, खाली ठेवलं, आणि गप्प झालो. पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून, पाणी लागलं म्हणून. ‘मालकाच्या डोळ्याला’ म्हटल्यावर सगळ्यांत आधी त्याच हसल्या, मग रांगा हसत मागे गेल्या, आणि लिंबाखालचं हसू सगळ्यांत शेवटी पण सगळ्यांत मोठ्यानं आलं. मी इतका हरखलो की हसणं चालू असतानाच पुढचं वाक्य सुरू केलं आणि ते वाक्य वाया गेलं. हसू चढत असताना बोलायचं नाही, पार विझेपर्यंत थांबायचंही नाही, ते उतरणीला लागलं की तोंड उघडायचं. पण हे मला आप्पांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, आधी जेवलास का विचारून.

पुढच्या उन्हाळ्यात आप्पांनी स्वतःच्या वावरात बोअर घेतला. पाणाड्या आला, नारळ उभा राहिला. संध्याकाळी त्यांचा पुण्याला फोन आला.

“पाणी लागलं,” आप्पा म्हणाले, आणि थांबले.

मी काहीच बोललो नाही. श्वाससुद्धा घेतला नाही. मला थांबा कळतो.

“आरं, बोल की,” आप्पा म्हणाले. “खरंच लागलंय. साडेचारशे फुटाला. अडीच इंच.”